दुष्काळात तेरावा संघ

फेब्रुवारी सरायला लागला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात सपाट जमिनीला सोन्याचा भाव येतो. शेतातली हळद निघते, शिजते आणि मग जिथे म्हणून चार हात मोकळी जागा दिसेल तिथे वाळत पडते. गावातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे कबड्डीचं मैदान. त्यामुळे स्पर्धेच्या तारखा पंच ठरवत नाहीत, हळद ठरवते. यंदा तिने आम्हाला शुक्रवार, शनिवार आणि रविवार दिला. सोमवारी सकाळी मैदानावर ताडपत्र्या पडणार, हे सरपंचांनी देवळात सांगितलं, म्हणजे त्यावर अपील नाही.

संघ आले बारा. मैदान एक. सामन्यांचं वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या गावात ज्याच्याकडे कोरी वही असते त्याच्याकडे काम येतं.

आधी किती सामने बसतात ते पाहिलं. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती, संघ बदलायला पाच आणि भांडणाला दहा. भांडणाची दहा मिनिटं समितीतल्या गुरुजींना पटेनात. मी म्हणालो, "गुरुजी, ही काढली तर भांडण थांबत नाही, वेळापत्रक थांबतं." एक सामना पन्नास मिनिटांचा धरला. रात्री दहाला भोंगा बंद, दुपारी ऊन. शुक्रवारी संध्याकाळी सहा सामने, शनिवारी सकाळी चार आणि संध्याकाळी सहा. रविवारीही दहा झाले असते, पण बक्षीस समारंभाला पाहुणे येतात आणि पाहुण्यांना बोलता येतं. त्यांच्यासाठी दोन सामने सोडले. एकूण चोवीस.

पहिली सूचना समितीतल्याच तात्यांची. "सगळ्यायनी सगळ्यायसंगं खेळावं. मंग कुणाची तक्रार नाही." न्याय म्हणाल तर याहून चोख पद्धत नाही. पण बारा संघ म्हणजे सहासष्ट सामने. तोवर हळद वाळून वसमतच्या बाजारात विकलीही गेली असती.

दुसरं टोक म्हणजे सरळ बाद फेरी. अकरा सामन्यांत खेळ खलास, आणि त्यातही चार संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल. सेनगावकडच्या पोरांनी पिकअप भाड्याने करून यायचं, पस्तीस मिनिटं खेळायचं आणि एका वाईट संध्याकाळीमुळे परत जायचं. पुढच्या वर्षी ती येतील का? आणि त्यांच्या जाण्यासोबत त्यांचे प्रेक्षकही जातात, म्हणजे भज्यांचा गाडाही बसला.

म्हणून गट. सहा-सहाचे दोन गट केले तर तीस साखळी सामने, वर उपांत्य आणि अंतिम मिळून तीन. तेहतीस. बसत नाही. उरले दोन पर्याय, आणि आमची समिती त्यावर दोन रात्री बसली.

एक पर्याय चार-चारचे तीन गट. अठरा साखळी सामने. प्रत्येक गटातून दोघे आणि वर दोन चांगले तिसरे घेऊन उपांत्यपूर्व फेरी लावली तर आणखी सात, म्हणजे पंचवीस. एकाने हुकतं! मग तीन गटविजेते आणि एक "सर्वांत चांगला दुसरा", अशी थेट उपांत्य फेरी: एकवीस. प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतात, दिसायला झकास. पण हा चांगला दुसरा ठरवायचा कसा? गुणफरकावर. आणि आमच्या गावचा संघ ज्या गटात पडेल, त्या गटातल्या तिघांना आमच्याकडून तीस-चाळीस गुण घरबसल्या मिळणार. आमची पोरं मनाने फार मोठी आहेत. कठीण गटातला दुसरा मग घरी, आणि आमच्या गटातला दुसरा उपांत्य फेरीत. वेगवेगळ्या गटांतल्या दुसऱ्यांची अशी तुलना म्हणजे शेवटी चिठ्ठीचंच नशीब.

दुसरा पर्याय तीन-तीनचे चार गट, प्रत्येकातून दोघे पुढे. साखळीचे बारा, उपांत्यपूर्वपासून सात, एकूण एकोणीस. प्रत्येक जण आपल्याच गटातल्यांशी तोलला जातो. गुरुजींचा आक्षेप रास्त होता: बारा सामने खेळवून फक्त चारच संघ गळतात. मी म्हणालो, एक सामना हरूनही जिवंत राहता येतं, हे त्याचंच मोल आहे.

खरी गोम वेगळीच आहे. तिघांच्या गटात शेवटचा सामना दोघे खेळतात आणि तिसरा बाकावर बसून बघतो. समजा, कळमनुरीने औंढ्याला दोन गुणांनी हरवलं आणि मग सेनगावकडून चार गुणांनी हार खाल्ली. कळमनुरीचा फरक झाला उणे दोन, सामने संपले. आता औंढा आणि सेनगाव मैदानात उतरतात. औंढा एक ते पाच गुणांनी जिंकला की तिघांचा एकेक विजय होतो आणि गुणफरकाने बाहेर पडते ती कळमनुरी. दोघांनाही हे पाठ. एका डोळ्याच्या इशाऱ्याचं काम आहे. चढाईला जायचं, निदान रेषा ओलांडायची, परत यायचं. तिसऱ्या रिकाम्या चढाईचा नियम कडक लावला तरी मुद्दाम पकडीत सापडायला कोण अडवणार?

आमच्या पोरांवर उगाच संशय घेतोय असं वाटेल, तर 1982 सालचा फुटबॉलचा विश्वचषक आठवा. स्पेनमधल्या हिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा शेवटचा सामना. अल्जेरिया आदल्या दिवशीच खेळून मोकळा झाला होता. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे जाणार होते. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. अल्जेरिया घरी. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवतात. 2026 च्या विश्वचषकासाठीही आधी तीन-तीनचे सोळा गट ठरले होते. मार्च 2023 मध्ये ते मोडून चार-चारचे बारा केले, सामने ऐंशीचे एकशे चार झाले. त्यांच्याकडे मैदानं आहेत आणि हळद नाही.

आमच्याकडे एकच मैदान, तेव्हा "एकाच वेळी" हा उपाय बाद. पण एक साधी युक्ती आहे: पहिल्या सामन्यात जो हरेल, त्यानेच दुसरा सामना खेळायचा. औंढा पहिला हरला, की पुढचा सामना औंढा आणि सेनगावचा. औंढा पुन्हा हरला तर दोन पराभवांसह सरळ बाहेर, कट करायला काही उरतच नाही. औंढा जिंकला तर शेवटच्या सामन्यात सेनगावला जिंकावंच लागतं, आणि कळमनुरी मोठ्या फरकाने हरली तर तीच अडचणीत येते. वरच्या हिशोबात संगनमत जमायचं तर औंढ्याचा विजय फक्त एका गुणाचा हवा. भोक पूर्ण बुजत नाही, पण सुईएवढं होतं.

हे पटवून झालं आणि गुरुवारी रात्री तेरावा संघ आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो मोटारसायकलींवर बसून आला. "साहेब, आमी लै दुरून आलाव." तात्यांनी चहा मागवला, म्हणजे संघ घेतला.

वही पुन्हा उघडली. चार-चारच्या पद्धतीत एक गट पाचाचा झाला असता: बावीस साखळी, वर तीन, पंचवीस. गचाळ. आमच्या पद्धतीत एक गट चाराचा झाला, तीन सामने वाढले, बावीस. त्या गटाला चौघांत दोन जागा, इतरांना तिघांत दोन, हा अन्याय आहेच. म्हणून तेरावा कोणत्या गटात जाणार याची चिठ्ठी सगळ्या कर्णधारांसमोर काढली. बोंब झाली, पण एकाच गटाची झाली.

चौदावा संघ आला तर सामने पंचवीस होतात आणि बसतात चोवीस. तेव्हा पुढच्या वर्षी यायचं असेल तर बुधवारपर्यंत नाव नोंदवा. तात्यांचा चहा पिऊन उपयोग होणार नाही.