व्यासपीठावरील मान्यवर आणि उरलेले तुम्ही

खामगावच्या सभेत मुंबईचा वक्ता माइक हाती घेतो, तेव्हा त्याच्या खिशात तीन हमखास टाळ्या असतात: जिजाऊंचा जिल्हा, शेगावचे गजानन महाराज आणि 'रजतनगरी'. पण त्या निघण्याआधी मंच उरकावा लागतो. खासदार, आमदार, सभापती, माजी सभापती, भावी सभापती. एवढ्यात मागून चिठ्ठी येते, कुणाचं तरी नाव राहिलं! ते वाचलं की शेजारचा रुसतो. तोवर समोरचा कापूसवाला शेतकरी भाव कधी निघतो याची वाट पाहत मुकाट बसलेला.

बाळासाहेब ठाकरे शिवाजी पार्कवर हा क्रमच उलटा करत. 'जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो' हे पहिलं वाक्य थेट मैदानाला. त्यातला 'माझ्या' नातं जोडी, आणि त्यापुढचा विराम गर्दीच्या गर्जनेसाठी राखीव असे. अर्थात 'हिंदू' म्हणताच कोण मैदानाबाहेर राहिलं, तेही तिथंच ठरे.

आपला वक्ता वाक्य पाठ करतो, विराम विसरतो. मग वऱ्हाडीचा आधार: "कसं काय बाप्पा, बरं हाय ना?"

मागच्या रांगेतून उत्तर येतं, "बरं हाय. कापसाचं बोला."

वक्ता पुढची चिठ्ठी वाचतो.