गोलच बरा होता

आमच्या सोसायटीचे सचिव म्हणजे अण्णा. वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ‘याचा एक छानसा चार्ट करून दे.’ खाली वर्षभराच्या पाण्याच्या टँकरांचा हिशेब चिकटवलेला. अनुक्रमांक, महिना, टँकर, रक्कम, शेरा आणि शेवटी ‘एकूण’ची ओळ. शेऱ्यात एके ठिकाणी ‘मोटर बिघडली, वॉचमन रजेवर’ असंही होतं.

मी फोन केला. “अण्णा, यातले कुठले कॉलम घेऊ?”

“सगळेच घे. मेहनतीने भरलेत.”

“बार काढू की लाइन?”

“तो गोल असतो ना, रंगीत!”

“पण सभेला दाखवायचंय काय नेमकं?”

“ते चार्टमध्ये दिसेलच की!”

अण्णांच्या मते चार्ट म्हणजे पीठगिरणी. वरून दाणे ओतायचे, खालून पीठ येतंच.

एक्सेलमध्ये चिकटवलं तर अख्खी ओळ एकेका खान्यात कोंबली गेली. ती फोडून, अण्णांच्या शब्दाला मान देऊन, सगळ्याचा आधी बार काढला. ‘एकूण’चा पाच लाख चार हजारांचा मनोरा उभा राहिला आणि बारा महिने त्याच्या पायाशी गवतासारखे. टँकरांचे आकडे दोन अंकी, शेजारी रक्कम हजारांत. त्यामुळे टँकर दिसेनातच. मार्च तर गायब! शोधलं तेव्हा कळलं, अण्णांनी तेवढ्या एकाच ठिकाणी चेकवर लिहितात तसं ‘63,000/-’ लिहिलं होतं. त्या शेपटीमुळे एक्सेलने रकमेला अक्षरं समजून शून्य धरलं. बाकीचे आकडे खान्यात उजवीकडे टेकले होते, हा एकटा डावीकडे. तेवढीच काय ती खूण.

मग मार्चची शेपटी छाटून, ‘एकूण’ वगळून रकमेचा गोलही काढला. बारा फोडींचं कलिंगड. जून मोठा की जुलै, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. अण्णा खूश.

पण माझी खुमखुमी जाईना. पुन्हा फोन केला. बरीच ओढाताण झाल्यावर पोटातलं ओठांवर आलं. “अरे, मेंटेनन्स वाढवायचाय. टँकरवाल्याने दर वाढवला, हे लोकांना दिसलं पाहिजे.”

आता आली का पंचाईत! पाठवलेल्या पाच कॉलमांत दर नव्हताच. रकमेला टँकरांच्या संख्येने भागून तो काढावा लागणार होता. नवा कॉलम केला, `=D2/C2` लिहून खालपर्यंत ओढलं. एप्रिलमध्ये 20 टँकर, 28,000 रुपये, म्हणजे टँकरला 1,400. मार्चमध्ये 45 टँकर, 63,000. तेही 1,400च. मधले महिनेही तसेच. लाइन काढली तर फरशीसारखी सपाट. चढली होती ती टँकरांच्या संख्येची लाइन.

दोन्ही लाइनी अण्णांना पाठवल्या. निळ्या खुणा झाल्या. ‘टायपिंग’ दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं. पाच मिनिटांनी उत्तर आलं, ‘गोलच बरा होता. रंग जरा भडक कर.’