नानांची अमावास्या-पौर्णिमा

आमच्या सोसायटीतले नाना शेअर बाजारात चुकत नाहीत. हे नानाच सांगतात. यंदा मी त्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटांचं बाड घेऊन बसलो आणि निघालं असं, की नानांची निवड खरंच वाईट नव्हती. त्यांचे शेअर बाजाराइतके, म्हणजे १२ टक्के वाढले. ५ लाखांवर ६० हजार.

फक्त नानांच्या घरी शेअरला पंधरवड्यापेक्षा जास्त मुक्काम नाही. अमावास्येला बँका घ्यायच्या, पौर्णिमेला त्या विकून औषध कंपन्या. "अरे, ब्रोकरेज शून्य आहे!" असं म्हणून ते चहात बिस्कीट बुडवतात.

ब्रोकरेज शून्यच आहे. पण डिलिव्हरीवर एसटीटी घेतानाही ०.१ टक्का आणि विकतानाही तेवढाच. ५ लाखांच्या एका फेरीला १ हजार. वर्षाच्या २४ फेऱ्यांना २४ हजार. मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचं शुल्क वगैरे अडीच हजार. डीमॅटमधून शेअर काढायचे सुटे पैसे मी शेजारधर्म म्हणून सोडले.

खरी चोरवाट नोटेवर छापलेलीच नसते. घेताना वरचा भाव, विकताना खालचा. ही फट शंभर रुपयांमागे फेरीला १० पैसे धरली, तरी वर्षाला १२ हजार. उरल्या नफ्यावर अल्पमुदतीचा २० टक्के कर आणि सेस, साडेनऊ हजार. त्यात एसटीटी वजा करून मिळत नाही. नानांच्या हाती राहिले १२ हजार. २.४ टक्के! इतकं तर बचत खातंही देतं, तेही झोपेत.

नानांना वाटतं, आपल्याला काहीतरी कळलंय. त्यांचा शेअर समोरून विकणाऱ्यालाही नेमकं तेच वाटत असतं. दोघांपैकी कोण बरोबर, हे कळायच्या आत सरकार दोघांकडूनही आपलं घेऊन जातं.

बार्बर आणि ओडीन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका ब्रोकरकडच्या ६६,४६५ कुटुंबांचे १९९१ ते १९९६ मधले व्यवहार तपासले. खर्च धरण्याआधी जास्त उलाढाल करणारे आणि कमी करणारे यांच्या परताव्यात फारसा फरक नव्हता. खर्च धरल्यावर सर्वात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले. बाजाराने दिले होते १७.९. पुढच्या अभ्यासात त्यांना पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त व्यवहार करताना आढळले. हे मी नानांना सांगितलं. "अमेरिकेतले पुरुष," नाना म्हणाले.

वहिनींनीही नानांनी सुरुवात केली त्याच दिवशी ५ लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाकले होते. फंडाचा खर्च हजारभर, वाढ ५९ हजार. विकलंच नाही, म्हणून कर नाही. काल नाना दुसरा मॉनिटर घेऊन आले. वहिनींना खात्याचा पासवर्डही आठवत नाही.