आतल्यांसाठी वेगळी प्रत

वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ग्राहकाला दाखवलेलं प्रेझेंटेशन कामगारांनाही दाखवायचं ठरलं. साहेब म्हणाले, ‘ग्राहकाचा लोगो काढा, बाकी राहू द्या.’

बाकी म्हणजे ‘क्षमता : महिना १ लाख नग’. २० सेकंदांना एक नग, २४ तास, २५ दिवस. कागदावर १,०८,००० भरतात. चहा, डाय बदलणं, बिघाड यांना कागदावर जागा नाही. मशीन ७० टक्के वेळ चाललं, तर निघतात ७५,६००. प्रेसवरचा माणूस हे रोज मोजतो. त्याच्यापुढे लाख म्हटलं की मागच्या रांगेत खोकला सुरू होतो.

त्याला हवं होतं ते एवढंच : रिजेक्शन कुठल्या डायवर येतंय आणि २० तारखेचा माल कोणत्या शिफ्टने काढायचा. त्याऐवजी ‘गुणवत्ता हाच आमचा श्वास’ राहिलं आणि मनोबलाच्या काळजीने रिजेक्शनचा तक्ता गेला.

जे खरंच काढायचं होतं, ते मात्र स्लाइडखालच्या नोट्समध्ये तसंच राहिलं : ‘ताणलंच तर दर आणखी ४ टक्के उतरवू.’ फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. ग्राहकाचा क्वालिटीवाला त्याच ग्रुपमध्ये आहे. त्याने लगेच अंगठा दाखवला.