आज्ञाधारकांसाठी सूचना

शुक्रवारी संध्याकाळी ५.५० वाजता आयटी विभागाची सूचना मेलवर आली. शनिवार-रविवार मेल सर्व्हरची देखभाल. मेल, कॅलेंडर, मीटिंगची आमंत्रणं बंद. दोन दिवसांच्या या शांततेबद्दल विभागाने दिलगिरीही व्यक्त केली होती. बाहेरून येणारे मेल मात्र हरवणार नाहीत. पाठवणारा सर्व्हर ते रांगेत ठेवतो आणि काही दिवस पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. वसुली विभागाने धडा घ्यावा.

सूचनेतली फोनवर मेल पुन्हा जोडण्याची कृती तर आदर्शच. आधी जुनं खातं काढून टाकायचं. त्याबरोबर त्या खात्यातले संपर्क आणि आउटबॉक्समध्ये अडकलेले मेलही जातात, पण त्यागाशिवाय शिस्त कुठली? मग खातं नव्याने जोडायचं: येणाऱ्या मेलसाठी पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी ५८७. सर्व्हरचं नवं नाव शनिवारी मेलने कळवण्यात येईल. अडचण आल्यास मेल करावा. यापुढे लिफ्ट बंद असल्याची पाटीही लिफ्टच्या आतच लावावी, अशी आमची नम्र शिफारस आहे.

शिस्तप्रिय मंडळींनी सहाच्या ठोक्याला खाती काढली. शनिवारी सकाळी विभागाचा मेल आला: देखभाल पुढच्या आठवड्यावर ढकलली आहे, कुणीही खातं काढू नये. तो ज्यांनी पहिली सूचना उघडलीच नव्हती, त्यांना वेळेवर मिळाला.