कितव्या अटेम्प्टला?

1 ऑगस्ट 2021 ला टोकियोत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी संपली ती अशी. कतारच्या मुताझ बर्शीमने 2.39 मीटरवरची दांडी तीनदा पाडली. इटलीच्या जियानमार्को ताम्बेरीनेही ती तीनदा पाडली. मग एक पंच आले, दोघांशी काहीतरी बोलले आणि पुढच्या क्षणी ताम्बेरी बर्शीमच्या अंगावर उडी मारून लटकला, नंतर ट्रॅकवर गडाबडा लोळला. दोघांनाही सुवर्णपदक. आयुष्यात पहिल्यांदाच ही स्पर्धा पाहणाऱ्या माणसाने अशा वेळी बायकोकडे वळून "ह्यांनी तर पाडली ना?" असं विचारलं, तर तो अडाणी ठरत नाही. त्याने जे पाहिलं तेच विचारलं. सहा वेळा दांडी खाली आली आणि त्यानंतर आनंदाचे अश्रू आले. शंभर मीटरची शर्यत कुणालाही कळते. जो पुढे तो पहिला. उंच उडी आणि पोल व्हॉल्ट (म्हणजे शाळेच्या पुस्तकातली बांबू उडी, जिच्यात आता बांबू औषधालाही नाही) यांचं मात्र तसं नाही. माझं म्हणणं असं की इथे नवखा प्रेक्षक गोंधळतो, कारण तो उड्या पाहत बसतो. या खेळाचा निकाल उड्यांवर लागतो तेवढाच पाडापाडीवरही लागतो, आणि पाडापाडीचा हिशेब मैदानात दिसत नाही, फलकावर दिसतो.

फलक वाचायला फुली-गोळा खेळता आलं तरी पुरे. दांडी पार केली की गोळा, पाडली की फुली, आणि ती उंची आपणहून सोडली की आडवी रेघ. प्रत्येक उंचीला जास्तीत जास्त तीन प्रयत्न. सलग तीन फुल्या पडल्या की माणूस बाद, आणि या ‘सलग’ शब्दात बरीच मेख आहे, तिच्याकडे नंतर येऊ. शेवटी दोघांची सर्वोच्च उंची सारखी निघाली, तर आधी पाहतात की त्या शेवटच्या पार केलेल्या उंचीवर कुणाच्या फुल्या कमी. तिथेही बरोबरी असेल तर सुरुवातीपासून तिथपर्यंतच्या एकूण फुल्या मोजायच्या. मराठी घरात हा नियम समजावून सांगावा लागू नये. लग्नाच्या पंगतीत मुलगा सीए झाल्याचं कळलं की काका अभिनंदन करतात आणि जिलबी मोडता मोडता विचारतात, "कितव्या अटेम्प्टला?" जागतिक अॅथलेटिक्सने त्या काकांनाच नियमपुस्तिकेत बसवलंय. टोकियोत बर्शीम आणि ताम्बेरी दोघांनी 2.37 पर्यंत एकही फुली लागू दिली नव्हती. बेलारूसच्या माकसिम नेदासेकाऊनेही 2.37 पार केली होती, म्हणजे उंचीत तो तसूभरही कमी नव्हता. पण त्याच्या रांगेत फुल्या होत्या, म्हणून त्याला ब्राँझ.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा अन्याय आहे. सारखीच उंची, मग पदकं वेगळी का? आणि एवढे कॅमेरे आहेत, तर कोण दांडीच्या किती वरून गेला ते मोजा आणि लावा निकाल! हा आक्षेप ऐकायला शहाणा वाटतो, पण दांडीकडे एकदा जवळून पाहावं. उंच उडीची दांडी चार मीटर लांब आणि वजनाला दोन किलोच्या आत असते. ती दोन्ही टोकांना फक्त टेकवलेली असते, टेकू जेमतेम चार सेंटिमीटर रुंद आणि सहा लांब. बांधायचं काही नाही, आणि टोकाला घसरू नये म्हणून रबर लावायलाही बंदी. त्यामुळे ती स्वतःच्याच वजनाने मध्ये किंचित लवते, आणि उंची मोजतात ती त्या लवलेल्या जागी. आता खेळाडू पाठीवर वळून जातो. डोकं गेलं, खांदे गेले, कमानीसारखी पाठ गेली, आणि अगदी शेवटी पोटरी दांडीला चाटून जाते. दांडी थरथरते, एका टेकूवर पुढे सरकते, मागे येते. खेळाडू गादीवर उताणा पडून खालून तिच्याकडे बघतोय, शेजारी पंच हातात पांढरं आणि लाल अशी दोन निशाणं घेऊन उभा, आणि हजारो माणसं एका नळीकडे डोळे लावून बसलेली. नळी राहिली तर पांढरं, पडली तर लाल. घासणं, हलणं, नाचणं सगळं माफ. फक्त पडायचं नाही. (पोल व्हॉल्टमध्ये वरून जाता जाता हाताने दांडी हळूच जागेवर बसवण्याची कला काहींना साधली होती. आता तसं केलं तर लाल निशाण मिळतं.) म्हणजे दांडीला दोनच उत्तरं येतात, हो आणि नाही. वितभर वरून गेलेला आणि पोटरी घासून गेलेला, दोघांना एकच गोळा. वरून किती गेला हे मोजायचं ठरवलं तर मुळात दांडीच काढून टाकावी लागेल, आणि मग गादीवर धावत जाऊन पडणारी माणसं पाहायला तिकीट कोण काढणार? दांडी ठेवायची तर तिने दिलेली ‘नाही’ मोजणं हाच पुरावा हाताशी उरतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो आडव्या रेघेबद्दल असतो. खालची उंची पार झाली नाही आणि हा गडी म्हणतो दांडी आणखी वर चढवा! नापास मुलाने थेट वरच्या वर्गाचा पेपर मागावा, तसं दिसतं हे. शाळेला दांडी मारतात तशी इथे खुद्द दांडीलाच दांडी मारायची. पण यामागचं गणित 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या पोल व्हॉल्टइतकं कुठे स्वच्छ दिसत नाही. शेवटी दोघे उरले: फ्रान्सचा रेनो लाविलेनी, गतविजेता आणि विश्वविक्रमवीर, आणि घरच्या मैदानावरचा थियागो ब्राझ. लाविलेनीने 5.98 पहिल्याच प्रयत्नात पार केली, आणि तोवर त्याच्या नावावर एकही फुली नव्हती. ब्राझच्या नावावर मात्र आधीच्या फुल्या होत्या. म्हणजे ब्राझने 5.98 अगदी पहिल्या झटक्यात पार केली असती, तरी काकांनी एकूण फुल्या मोजून त्याला दुसराच ठेवला असता. मग ती उडी मारून दमायचं कशाला? त्याने 5.98 सोडली आणि थेट 6.03 मागितली. तिथे पहिल्या प्रयत्नात दोघांनाही फुली. दुसऱ्यात लाविलेनीला पुन्हा फुली, आणि ब्राझ पार. स्टेडियम डोक्यावर!

आता लाविलेनीचा एक प्रयत्न उरला. सरळ विचार करणारा म्हणेल, 6.03 पार कर, बरोबरी साध. पण ती बरोबरी झालीच नसती. ब्राझने 6.03 एका फुलीनंतर पार केली होती, लाविलेनीने दोन फुल्यांनंतर केली असती. म्हणजे पार करूनही तो मागेच. सोन्यासाठी त्याला पुढची उंची पार करावी लागणारच होती. तेव्हा पायातली शेवटची ताकद ज्या उडीने क्रमांक बदलत नाही तिच्यावर का उधळा? त्याने 6.03 समोर रेघ ओढली आणि उरलेला प्रयत्न 6.08 ला लावला. एकच उडी. ती फसली आणि ब्राझ ऑलिम्पिक विजेता झाला. ब्राझीलच्या प्रेक्षकांनी त्या वेळी लाविलेनीची जी हुर्यो उडवली ती काही क्रीडासंस्कृतीचा नमुना नव्हती, पण त्याच्या हिशेबात चूक काढता येत नाही. कुणी म्हणेल, 6.03 पार केली असती तर 6.08 ला नव्याने तीन प्रयत्न मिळाले असते. मिळाले असते, खरं आहे. पण आधी 6.03 तर पार व्हायला हवी होती, आणि एकदा पळत येऊन खांब वाकवून शरीर सहा मीटरवर उलटं उभं करण्याची किंमत किती ते पायांना विचारावं. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एवढं मात्र नक्की की रेघेला कच खाणं समजणाऱ्याला त्या रात्री मैदानात काय चाललंय ते कळलंच नाही.

रेघेत धोका असतो, कारण फुल्या रेघेबरोबर पुढच्या उंचीवर येतात. ‘सलग’ची मेख ती हीच. उंची बदलली म्हणून उधारी माफ होत नाही. मधे एक गोळा पडला तरच पाटी कोरी. 1992 च्या बार्सिलोनात सर्गेई बुबका आला तेव्हा तो विश्वविक्रमवीर होता, आधीच्या ऑलिम्पिकचा विजेता होता, आणि मोठे पोल व्हॉल्टर करतात तसं त्याने खालच्या उंच्या सोडून 5.70 पासून सुरुवात केली. तिथे दोन फुल्या. उरलेला एक प्रयत्न त्याने 5.75 ला नेला. तिसरी फुली. सहा मीटरच्या वर जगात पहिल्यांदा गेलेल्या या माणसाच्या नावापुढे त्या दिवशी एकही उंची लागली नाही. नवखा प्रेक्षक म्हणेल की खालच्या उंचीपासून सुरुवात केली असती तर निदान काहीतरी नोंदलं गेलं असतं. गेलं असतं, पण मग 5.70 पर्यंत पोहोचेतो त्याची दमछाक झाली असती. आपल्या तेजस्विन शंकरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात हाच जुगार जरा सुखरूप जागेवरून खेळला. 2.22 पार करून, फुल्यांच्या हिशेबावर तेवढीच उंची मारणाऱ्यांना मागे टाकून त्याचं ब्राँझ जवळजवळ पक्कं होतं. 2.25 ला दोन फुल्या पडल्यावर त्याने तिसरा प्रयत्न 2.28 ला लावला. तो फसला, पण ब्राँझ हातचं गेलं नाही.

राहता राहिला टोकियोतल्या त्या पंचांचा प्रश्न, की ते दोघांशी बोलले काय. फुल्याही सारख्या निघाल्या आणि प्रश्न पहिल्या क्रमांकाचा असला, तर आणखी उड्या मारायच्या. प्रत्येक उंचीला एकच प्रयत्न. दोघेही पाडत गेले तर दांडी उंच उडीत दोन-दोन सेंटिमीटर खाली आणायची, एक पार करून दुसरा पाडेपर्यंत. मात्र दोघांनी मिळून नको म्हटलं तर पहिला क्रमांक वाटून घेता येतो. पंच हे समजावत असतानाच बर्शीमने विचारलं की दोन सुवर्णपदकं मिळू शकतात का, आणि मिळू शकतात असं कळल्यावर पुढचं लोळणं सुरू झालं. यावरही नाकं मुरडली गेली. स्पर्धा म्हणजे स्पर्धा, शेवटपर्यंत लढायला नको का? लढून पाहिलेल्यांचं उदाहरण आहे. 2024 ला पॅरिसमध्ये न्यूझीलंडचा हेमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवन यांनी 2.36 वर अशीच पूर्ण बरोबरी साधली, आणि ते पुढे उड्या मारत राहिले. 2.38, दोघांनी पाडली. 2.36, जी दोघांनी थोड्या वेळापूर्वीच पार केली होती, तीही दोघांनी पाडली, कारण पाय हिशेब ठेवत नसले तरी थकतात. दांडी 2.34 वर आली. मॅकइवनने पाडली, करने पार केली आणि तो हात पसरून मैदानाच्या मधल्या हिरवळीवर सुसाट पळत सुटला. ऑलिम्पिक सुवर्ण ठरलं ते अशा रीतीने, 2.34 मीटरच्या उडीवर. त्या संध्याकाळी 2.34 मीटर आणखीही काहींनी पार केली होती. त्यांत बर्शीमही होता, आणि त्याला त्यासाठी ब्राँझ मिळालं.