जेवायला या, कौतुक आणू नका

हल्ली शहरात नवं हॉटेल उघडलं की पहिलं आमंत्रण गल्लीतल्या गिऱ्हाइकाला जात नाही. ते जातं ज्याच्या मोबाइलभोवती गोल दिवा लावलेला असतो त्याला. आमंत्रण मोठं गोड असतं. ‘तुमचं प्रामाणिक मत आम्हाला हवंय’ अशी सुरुवात. त्याखाली बारीक अक्षरात यादी: एक रील, तीन स्टोऱ्या, हॉटेलचं नाव टॅग, 48 तासांच्या आत, आणि ‘पोस्ट करण्याआधी आमच्या टीमला दाखवावं’. म्हणजे मत तुमचं, शब्द आमचे. या सौद्याला धंद्यात ‘बार्टर कोलॅब’ म्हणतात. ऐकायला भारदस्त वाटतं. सरळ सांगायचं तर थाळी देतो, टाळी द्या.

यात ब्लॉगरच तेवढा दोषी असं समजू नका. अमुक इतके फॉलोअर्स असतील तर इतके हजार, असं दरपत्रक घेऊन फिरणारे आहेतच. पण त्या दरपत्रकाला गिऱ्हाईक हॉटेलवालाच मिळवून देतो. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात व्हायची असेल तर ती आमंत्रणाच्या कागदापासूनच व्हायला हवी. कागद सरळ असेल तर पाहुण्याला वाकडं चालायला जागा उरत नाही.

समजा, पुण्यात कर्वेनगरला एका मालवणी बाईंचं चाळीस खुर्च्यांचं हॉटेल आहे. माशांवर बरं लिहिणाऱ्या एका ब्लॉगरला त्यांना बोलवायचंय. त्यांनी असं लिहावं:

‘सप्रेम नमस्कार. तुम्ही माशांवर लिहिता ते आम्ही वाचतो. येत्या शुक्रवारी रात्री साडेआठला तुम्ही आणि सोबत आणखी एक जण आमच्याकडे जेवायला यावं. जेवणाचे पैसे आम्ही घेणार नाही. मेनूच्या भावाने दोघांचं बिल साधारण 2,400 रुपये होईल. त्यापलीकडे मानधन, प्रवासखर्च, भेटवस्तू असं काही देणार नाही. लिहायचं की नाही आणि काय लिहायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. लिहिलंत तर जेवण आमच्याकडून होतं हे सुरुवातीलाच सांगा. आधी आम्हाला दाखवू नका. भाव, वेळ किंवा पदार्थाचं नाव चुकलं असेल तर तेवढंच कळवू. काही खात नसाल, कसली ॲलर्जी असेल किंवा वार पाळत असाल तर आधी सांगा. यायचं नसेल तरी हरकत नाही, पुन्हा विचारणार नाही.’

संपलं पत्र. एवढं लिहायला पीआर एजन्सी लागत नाही. फारतर थोडं धाडस लागतं.

आता या पत्रातली 2,400 ही रक्कम बघा. ‘फुकट’ म्हटलं की पाहुणा आणि वाचक दोघांच्याही डोळ्यांपुढे धुकं येतं. आकडा लिहिला की सगळं स्वच्छ दिसतं. हॉटेलच्या धंद्यात कच्चा माल साधारण विक्रीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बसतो. म्हणजे बाईंच्या खिशातून मालापोटी गेले आठशेच्या घरात. पाहुण्याच्या पोटात गेले चोवीसशे. आणि रील बघून येणारं जोडपं रोख 2,400 मोजणार आहे. त्या जोडप्याला हा हिशेब कळायला नको का? पाहुण्याने जेवण कोणाकडून होतं ते सांगितलं, तर त्याच्या कौतुकातून किती वजा करायचं ते लोक आपलं आपण ठरवतील.

हे सांगणं नुसतं शहाणपणाचं नाही, नियमाचंही आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेने 2021 सालीच इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. वस्तू किंवा सेवा मोफत मिळाली असेल, तर मत अगदी निःपक्षपाती असलं तरी तसं जाहीर करायचं, असं त्यात स्पष्ट आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही तेच सांगितलं, आणि मोफत मिळालेली वस्तू अटीसह असो की अटीविना, दोन्ही त्यात धरली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा ‘मी पैसे घेतले नाहीत, मग सांगायचं काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी हात धुवावेत, बोटांना अजून सुरमईचा मसाला लागलेला आहे. आणि ही कबुली हॅशटॅगांच्या गर्दीत सतराव्या नंबरवर लपवायची नसते. ती डोळ्यांसमोर यायला हवी.

पुढची गंमत ‘शुक्रवारी रात्री साडेआठ’ या शब्दांत आहे. बहुतेक टेस्टिंग होतात मंगळवारी दुपारी चारला. का? कारण तेव्हा हॉल रिकामा, उजेड छान आणि आचारी मोकळा. तवा नुकताच घासलेला. सुरमईच्या मधल्या भागाचे गोल, भरदार तुकडे पाहुण्यासाठी राखून ठेवलेले. एका वेळी दोनच तुकडे तव्यावर, त्यामुळे रवा कुरकुरीत होणारच. शुक्रवारी रात्री त्याच तव्यावर दहा तुकडे पडतात, तवा गार होतो, रव्याला कडकपणा येण्याआधीच तो तेल पितो. बोटाने तुकडा मोडून बघितला की कळतं: कुरकुरीत कवच मोडतं आणि आतला मासा पाकळ्यांनी सुटतो, नाहीतर मऊ रव्याचा लेप निघून येतो आणि ताटलीत तेलाचं तळं दिसतं. सोलकढीचंही तसंच. नारळाचं दूध आणि आगळ सकाळी एकत्र करून ठेवलं असेल, तर रात्रीपर्यंत वर पांढरी साय आणि खाली गुलाबी पाणी असे दोन थर होतात. मंगळवारी चारला ती ताजी असते. गिऱ्हाईक येतं शुक्रवारी. म्हणून प्रामाणिक आमंत्रणात वेळ गिऱ्हाइकाची असते, आणि ताटात मेनूवरचं तेच माप.

जून-जुलैत बोलावणं असेल तर पाहुण्याने एक प्रश्न विचारावाच: सुरमई आली कुठून? या दोन महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मासा मग बर्फातला असतो किंवा बाहेरून आलेला. त्यात पाप काही नाही. पण ताटाखाली ‘आज सकाळी बंदरावरून’ असं लिहिलं, तर ते बंदर कुठलं, हे विचारण्याचा वाचकाला हक्क आहे.

आता पाहुण्याबद्दल. कोंबडीवड्यातला वडा कढईतून निघतो तेव्हा टम्म फुगलेला असतो आणि चार-पाच मिनिटांत बसतो. आमचे ब्लॉगरबंधू त्याचं आधी वरून चित्रीकरण करतात, मग बाजूने, मग फोडताना, मग फोडताना पुन्हा एकदा. तोवर वडा निजतो, रस्सा गार होतो, आणि तोंडात घास जाण्याआधीच चेहऱ्यावर ब्रह्मानंद उमटलेला असतो. हे मत कशावर दिलं? प्रकाशयोजनेवर? आमंत्रणात बाईंनी एक ओळ वाढवायला हरकत नाही: आधी जेवा, मग फोटो काढा, हवं तर चित्रीकरणासाठी दुसरा वडा तळून देऊ.

दुसरं पाप जरा सभ्य आहे. ‘आवडलं तर लिहितो, नाही आवडलं तर गप्प बसतो, कुणाच्या पोटावर पाय का आणा?’ ऐकायला किती सोज्वळ! पण वाचकाला दिसतात फक्त दहा कौतुकं. न दिसलेली पंधरा निराशाजनक जेवणं कुठे गेली, ते त्याला कधीच कळत नाही. म्हणजे एकही खोटं वाक्य न लिहिता सगळं पान खोटं होतं. उपाय सोपा आहे. महिन्याअखेरीस ब्लॉगरने नुसती यादी द्यावी: या महिन्यात या ठिकाणी आमंत्रणावरून जेवलो. टीका करायची नसेल तर करू नये. यादीतलं कुठलं नाव पुन्हा आलं नाही, हे वाचक बरोबर हेरतील. बाईंनी ‘लिहायचं की नाही तुम्ही ठरवा’ म्हटलंय, ते न लिहिण्याचं स्वातंत्र्य आहे, लपवण्याचं नव्हे.

खरी परीक्षा मात्र लेख आल्यावर असते, आणि ती बाईंची असते. समजा पाहुण्याने लिहिलं: बांगड्याचं तिखलं फर्मास, सोलकढी पातळ, थाळी 450 रुपये. थाळी खरं तर 520 ची आहे. ते लगेच कळवावं, कारण चुकीचा भाव वाचून आलेलं गिऱ्हाईक गल्ल्यावर भांडेल. पण ‘दादा, सोलकढीची तेवढी ओळ काढा ना’ असा पुतण्याचा फोन गेला, की सगळं पत्र रद्दीत जमा. भाव चुकतो, चव चुकत नाही. ती फक्त दुसऱ्याची असते. पातळ सोलकढीचा इलाज पुतण्याच्या फोनमध्ये नाही, नारळाच्या पहिल्या दुधात आहे. तिथेच जावं.

आणि एवढं सगळं सरळ केलं तरी या जेवणाला परीक्षण म्हणू नये. ओळखीच्या पाहुण्याला ओळखीचंच ताट मिळतं. 1993 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक रूथ रायशल वेश बदलून, साधी बाई म्हणून ‘ल सर्क’ या बड्या रेस्टॉरंटात गेल्या, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. ओळख पटली तेव्हा सरबराई सुरू झाली. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि चार तारे असलेल्या त्या रेस्टॉरंटला तीनच ठेवले. त्यांची जेवणं वर्तमानपत्राच्या खर्चाने होत, रेस्टॉरंटच्या नव्हे. आपल्या ब्लॉगरला दर वेळी पदरचे पैसे परवडणार नाहीत, हे मान्य. मग निदान आमंत्रणावरून झालेल्या जेवणाला ‘ओळख करून देतोय’ म्हणावं, ‘निकाल देतोय’ म्हणू नये. निकाल द्यायचा असेल तर महिन्याभराने न सांगता जावं, रांगेत उभं राहावं आणि स्वतः बिल भरावं.

राहिलात तुम्ही, वाचक. पुढच्या वेळी रीलमध्ये कोणी डोळे मिटून ‘उम्म’ करताना दिसला, तर त्या ताटाचे पैसे कोणी दिले हे सुरुवातीलाच सांगितलंय का, एवढं बघा. सांगितलं नसेल तर अंगठ्याने वर ढकला आणि पुढे चला. त्याचं बिल कोणीतरी भरलंय. तुमचं तुम्हालाच भरायचंय.